कालचा हाय, कालचा लो आणि वीकली ओपन

नमस्कार मंडळी. आज मी चार्टवरच्या तीनच रेषांबद्दल बोलणार आहे: कालचा हाय, कालचा लो आणि वीकली ओपन. उदाहरणही एकच घेणार आहे, बिटकॉइनचं, ५ आणि ६ डिसेंबर २०२४ या लागून आलेल्या दोन दिवसांचं. या तिन्ही रेषा त्या दोन दिवसांत कामाला आल्या आणि त्यातल्या दोन कुठे निकामी झाल्या तेही तिथेच दिसतं.

आधी ‘काल’ म्हणजे नेमका कधीपर्यंतचा काल, ते ठरवू. शेअर बाजारात हा प्रश्न पडत नाही. साडेतीन वाजले की एनएसई बंद, दिवस संपला. क्रिप्टो रात्रंदिवस चालू, रविवारीसुद्धा. त्यामुळे दिवसाची सीमा हा सगळ्यांनी मिळून पाळलेला एक संकेत आहे: यूटीसी वेळेनुसार मध्यरात्र, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. बहुतेक मोठ्या एक्स्चेंजची डेली कँडल तेव्हा बंद होते आणि सोमवारी पहाटे साडेपाचला जो पहिला भाव पडतो तो त्या आठवड्याचा वीकली ओपन. जगभरातले ट्रेडर ज्या कँडलकडे बघून स्टॉप लावतात तीच आपण बघायची. आपल्या घड्याळातल्या रात्री बारापासून दिवस मोजला तर रेषा वेगळ्याच भावावर पडते आणि त्या भावावर कुणाचीच ऑर्डर नसते.

इथे दोन घोटाळे मी वारंवार बघतो. पहिला असा की एक्स्चेंजच्या पडद्यावर वर `24h High` आणि `24h Low` असे आकडे दिसतात आणि नवे लोक तेच कालचे हाय-लो समजून रेषा मारतात. तो आकडा मागच्या चोवीस तासांचा आहे आणि दर क्षणाला पुढे सरकतो. दुपारी दोनला बघितलात तर त्यात काल दुपारी दोनपासूनचा व्यवहार आहे. काल सकाळचा हाय त्यातून गळून गेलेला असू शकतो आणि आजचाच हाय तिथे बसलेला असू शकतो. दुसरा घोटाळा टाइमझोनचा. चार्टवर कोलकाता वेळ निवडली की खालचे तास बदलतात, पण यूटीसीवर चालणाऱ्या एक्स्चेंजची डेली कँडल जिथे तुटते तिथेच तुटते. म्हणून खात्री करायची असेल तर तासाच्या चार्टवर जा, पहाटे साडेपाचची सीमा शोधा आणि तिच्या मागच्या चोवीस तासांतला हाय-लो डेली कँडलशी जुळतो का ते पाहा. आणि ट्रेड ज्या एक्स्चेंजवर, ज्या करारात करता, त्याचाच चार्ट वापरा. स्पॉट आणि मुदत नसलेल्या पर्पेच्युअल फ्युचर्सच्या विक, म्हणजे कँडलच्या वर-खाली निघालेल्या काड्या, सारख्या नसतात, आणि जोराच्या पडझडीत तर हा फरक खूपच वाढतो.

आता या रेषांवर भाव का दचकतो? रेषेत काही जादू नाही. काल ज्यांनी शॉर्ट केलं त्यांनी स्टॉपलॉस कुठे ठेवला असेल? कालच्या हायच्या जरा वर. ब्रेकआउट घेणाऱ्यांची बाय ऑर्डर कुठे थांबली असेल? तिथेच. म्हणजे कालच्या हायच्या वर खरेदीच्या ऑर्डरींचा साठा आहे आणि कालच्या लोच्या खाली विक्रीच्या ऑर्डरींचा. ज्याला मोठा माल विकायचा आहे त्याला समोर तेवढेच खरेदीदार लागतात आणि ते एका जागी सापडतात ते कालच्या हायच्या वर. म्हणून भाव तिथे पोचला की दोनपैकी एक घडतं. एकतर स्टॉप उडतात, ती खरेदी कुणीतरी पचवतो आणि भाव परत रेषेखाली येतो. नाहीतर स्टॉप उडूनही खरेदी थांबत नाही, भाव वर टिकतो आणि कालचा हाय आता आधार होतो.

कोणतं घडतंय हे पहिल्या मिनिटाला कळत नाही, आणि कळल्यासारखं वाटलं तर सावध राहा. मी पंधरा मिनिटांच्या कँडलच्या क्लोजिंगची वाट बघतो. कँडल रेषेच्या वर बंद झाली, पुढच्या एक-दोन कँडलनी रेषेला वरून स्पर्श केला आणि पुन्हा वर बंद झाल्या, तर भाव तिथे स्वीकारला गेला असं मानतो. जोडीला ओपन इंटरेस्ट, म्हणजे फ्युचर्समधल्या अजून बंद न झालेल्या पोझिशनचा एकूण आकडा, बघतो. रेषा तुटताना तो वाढत असेल तर नवीन पोझिशन उभ्या राहताहेत. भाव वर जातोय पण ओपन इंटरेस्ट कोसळतोय, तर बहुतेक शॉर्टवाले बाहेर पडताहेत, आणि त्यांची खरेदी संपली की वर ढकलणारं फारसं कुणी उरत नाही.

वीकली ओपनचं काम निराळं आहे. तिथे स्टॉपचे ढीग असतीलच असं नाही. आठवडा कोणाच्या हातात आहे हे ती रेषा सांगते. भाव तिच्या वर असेल तर सोमवारी पहाटे घेतलेला फायद्यात आहे, खाली असेल तर तोट्यात. मधल्या वारी भाव या रेषेला ओलांडून पलीकडे टिकला तर दिवसाची दिशा ठरवायला ती मला कालच्या हायपेक्षाही जास्त उपयोगी वाटते.

आता ते दोन दिवस. बुधवार, ४ डिसेंबरला बायनान्सच्या स्पॉट चार्टवर बिटकॉइनचा हाय ९९,००० डॉलरच्या आसपास होता आणि लो साधारण ९४,६००. सोमवारचा वीकली ओपन ९७,२००च्या जवळ, म्हणजे दोन रेषांच्या बरोब्बर मध्ये नाही, पण आत. गुरुवार पहाटे साडेपाचला भाव होता सुमारे ९८,६००, कालच्या हायला टेकल्यासारखा. काही तासांतच ९९,००० मागे पडले आणि आपल्याकडे सकाळ असतानाच बिटकॉइनने इतिहासात पहिल्यांदा एक लाखाचा आकडा ओलांडला. १,०४,०००पर्यंत गेला. भाव स्वीकारला जाणं म्हणजे काय, याचं हे स्वच्छ उदाहरण.

तोच दिवस संपायच्या आधी चित्र उलटलं. भाव १,०४,०००वरून घसरत परत ९९,०००च्या खाली आला. वर ब्रेकआउटमध्ये घेतलेल्यांसाठी हीच खूण होती: जी रेषा आधार व्हायला हवी ती तुटली. मग वीकली ओपन गेला आणि आपल्याकडच्या शुक्रवारी पहाटेच्या आधी लिव्हरेजवाल्यांच्या पोझिशन धडाधड लिक्विडेट होत भाव कालच्या लोखाली, ९०,५००पर्यंत कोसळला. आणि तरीही दिवसाची कँडल ९७,०००च्या आसपास बंद झाली.

इथे जरा थांबू. ९४,६०० हा कालचा लो आहे म्हणून कुणी तिथे बाय लिमिट लावून ५०० डॉलर खाली स्टॉप ठेवला असता, तर तो स्टॉप उडाला असता. भाव चार हजार डॉलर आणखी खाली गेला होता. रेषा अचूक होती, भाव तिथे परतलाही, पण पडत्या भावात रेषेवर हात ठेवून उभं राहणाऱ्याला त्याचा उपयोग झाला नाही. रेषेखाली स्टॉप उडू देऊन भाव पुन्हा ९४,६००च्या वर आल्यावर जो आत शिरला, त्याच्या हातात निदान एक खरी माहिती होती: खालची विक्री पचली.

शुक्रवार, ६ डिसेंबर. आता कालचा हाय १,०४,००० आणि कालचा लो ९०,५००. मधे साडेतेरा हजार डॉलरचं मैदान. इंट्राडेसाठी या दोन्ही रेषा निरुपयोगी, आणि झालंही तसंच: भाव दिवसभर ९६,००० ते १,०२,०००च्या आत राहिला, दोन्हीपैकी एकीलाही शिवला नाही. कामाची रेषा उरली होती वीकली ओपनची, ९७,२००, आणि दिवस तिच्या किंचित खाली उघडला होता.

हिशेबासाठी एक कल्पित ट्रेड घेऊ. भांडवल ३,००० डॉलर, एका ट्रेडमध्ये अर्धा टक्का म्हणजे १५ डॉलर गमवायची तयारी. पंधरा मिनिटांची कँडल वीकली ओपनच्या वर बंद झाली, एन्ट्री ९७,३००, स्टॉप ९५,८००. अंतर १,५०० डॉलर. १५ भागिले १,५००, म्हणजे ०.०१ बिटकॉइन, सुमारे ९७३ डॉलरची पोझिशन. समजा घेताना-विकताना प्रत्येकी ०.०५ टक्के फी आहे. दोन्ही मिळून एक डॉलरच्या आत. आता तोच ट्रेड ‘टाइट’ स्टॉप लावून बघा. अंतर फक्त १५० डॉलर, तर १५ डॉलरच्या जोखमीत ०.१ बिटकॉइन बसतो, पोझिशन ९,७३०ची. लिव्हरेज भांडवलाच्या तिपटीवर गेलं आणि फीच ९ डॉलर ७३ सेंट. पंधरातले जवळजवळ दहा फीच खाते. रेषेला चिकटून स्टॉप लावणाऱ्यांचे पैसे बाजाराआधी असे जातात.

आणि आपल्याकडे कर आहे. जुलै २०२२पासून विक्रीच्या रकमेवर एक टक्का टीडीएस कापला जातो, नफ्यावर नाही. वरच्या ९७३ डॉलरच्या छोट्या ट्रेडवर जवळपास दहा डॉलर अडकतात, पंधरा डॉलरच्या जोखमीसाठी. ते रिटर्न भरताना जमा धरले जातात हे खरं, पण तोवर भांडवल बारीक होत जातं. त्याहून जाच तोटा वळता न होण्याचा. वर्षभरात फायद्याचे ट्रेड १०० डॉलरचे आणि तोट्याचे ८०चे असले तर हातात २० आहेत, पण तीस टक्के कर पूर्ण १००वर, म्हणजे ३०, वर सेस. स्पॉटमध्ये रोज या रेषांवर खरेदी-विक्री करण्याच्या आधी हा हिशेब कागदावर मांडा. फ्युचर्सचं करपात्र उत्पन्न कसं धरायचं ते आपल्या सीएकडून लेखी घ्या.

एका श्रोत्याने विचारलं की सोमवारी काय करायचं. सोमवार अवघड आहे. त्या दिवशी वीकली ओपन आणि दिवसाचा ओपन एकच, म्हणून आठवड्याबद्दल ती रेषा अजून काही सांगत नाही. तिला अर्थ मंगळवार-बुधवारी येतो. कालचा हाय-लो म्हणजे रविवारचा, आणि रविवारी ऑर्डर बुक विरळ, रेंज अरुंद. अशा अरुंद रेंजची दोन्ही टोकं एकाच दिवसात उडणं नेहमीचं आहे. म्हणून सोमवारी मी शुक्रवारचे हाय-लोसुद्धा चार्टवर ठेवतो, रविवारची रेषा तुटली एवढ्यावरून एन्ट्री घेत नाही आणि अमेरिकेचा शेअर बाजार उघडेपर्यंत थांबतो. जानेवारी २०२४मध्ये तिथे बिटकॉइनचे स्पॉट ईटीएफ सुरू झाल्यापासून ती वेळ जास्तच महत्त्वाची झाली आहे: उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे सात, हिवाळ्यात आठ.