खजुराचा केक बाहेरून गडद, आतून कच्चा का राहतो?

ओव्हनमध्ये शेजारी शेजारी दोन केक ठेवले आहेत, एक साखरेचा आणि दुसरा साखरेऐवजी खजूर घातलेला, आणि त्यांना वीस मिनिटे झाली आहेत. साखरेचा केक अजून फिकट पिवळा आहे. खजुराच्या केकच्या कडा मात्र गडद तपकिरी झाल्या आहेत, आणि त्याच्या मध्यभागी सुई खुपसली की ती ओल्या पिठाने माखून बाहेर येते.

साखर म्हणजे सुक्रोज. त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग सुटे झाल्याशिवाय ते प्रथिनांशी सहजी संयोग पावत नाही. मऊ खजुरात हे दोन्ही बहुतांशी सुटेच असतात, त्यामुळे अंडी आणि दुधातील प्रथिनांशी त्यांची अभिक्रिया लवकर सुरू होते आणि तीच कवचाला रंग देते. शिवाय फ्रुक्टोज सुक्रोजपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला कॅरमेल होऊ लागते.

मूळ कृतीत २०० ग्रॅम मैदा, १६० ग्रॅम साखर आणि १२० मिलिलिटर दूध होते. साखरेऐवजी येथे बिया काढलेला १२० ग्रॅम खजूर ६० मिलिलिटर गरम पाण्यात भिजवून गुळगुळीत वाटला आहे. एवढ्या खजुरात साधारण ८० ग्रॅम साखर असते, म्हणजे गोडाचे प्रमाण निम्म्यावर आले. पण खजुराचा स्वतःचा ओलावा आणि भिजवण्याचे पाणी मिळून सुमारे ८० ग्रॅम पाणी वाढले आणि दूध मात्र तेवढेच ठेवले. चूक झाली ती इथे.

दुसऱ्या खेपेला दूध ६० मिलिलिटर घेतले. सगळे वाढीव पाणी वजा केले नाही, कारण खजुरातला तंतू त्यातले काही धरून ठेवतो. ओव्हन १८० ऐवजी १६० अंशांवर ठेवून वेळ दहा-बारा मिनिटांनी वाढवला आणि रंग पुरेसा आल्यावर वरून फॉइल सैल झाकले. केक झाला की नाही हे रंगावरून ठरवू नये. सुई कोरडी निघाली पाहिजे.

तरीही हा केक साखरेच्या केकइतका फुलत नाही. साखरेचे कोरडे दाणे लोण्यात फेटताना हवा कोंडतात. ते काम खजुराचा लगदा करू शकत नाही. त्याचा पोत दाट आणि ओलसर राहणार, हे स्वीकारूनच तो करावा.

गुळाची गोष्ट वेगळी आहे. त्यात मोठा वाटा सुक्रोजचाच असतो, त्यामुळे साखरेइतकाच गूळ घातला तर साखर फारशी कमी होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. मात्र त्यातले थोडे सुटे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हवेतला दमटपणा ओढून घेतात आणि केक मऊ ठेवतात. गुळाचा स्वतःचा रंगही गडद असल्याने भाजणीचा अंदाज चुकतो.

खजुराच्या केकमध्ये साखर कमी आणि पाणी जास्त असल्याने त्याला बुरशीही लवकर धरते. म्हणून तो पूर्ण निवल्यावरच डब्यात भरावा आणि फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावा.