‘पाय दुखतोय’ म्हणजे नेमकं कुठे?

(दृश्य: लंडनच्या पश्चिमेला स्लाव गावातलं औषधाचं दुकान. काउंटरसमोर चार माणसांची रांग.)

चौसष्ट वर्षांचे एक गृहस्थ मुंबईहून लेकीकडे आलेत असं समजा. विमानात नऊ-साडेनऊ तास बसून आले, त्याला आज चौथा दिवस. डावा पाय दुखतोय. लेक कामावर गेलीय, म्हणून ते एकटेच दुकानात येतात आणि काउंटरपलीकडच्या फार्मासिस्टला सांगतात, ‘माय लेग इज पेनिंग.’

‘पेनिंग’ हा आपल्या इंग्रजीतला शब्द. ब्रिटनमध्ये तो कोणी वापरत नाही, ‘इट हर्ट्स’ म्हणतात. पण ‘पेनिंग’ म्हटलं तरी समोरच्याला कळतं, त्याची लाज बाळगायचं कारण नाही. खरी अडचण दुसऱ्याच शब्दात आहे, ‘लेग’मध्ये.

मराठीत पाय म्हणजे जांघेपासून अंगठ्यापर्यंत सगळंच. इंग्रजीत त्याचे दोन तुकडे होतात. घोट्याच्या वर ‘लेग’, खाली ‘फूट’. हाताचंही तसंच. मनगटाच्या वर ‘आर्म’, खाली ‘हँड’. बोटांचं तर विचारूच नका. आपल्याला हाताचं बोट आणि पायाचं बोट दोन्ही बोटंच. तिकडे हाताचं ‘फिंगर’, पायाचं ‘टो’. ‘माय फिंगर इज स्वोलन’ म्हणून पायाचं बोट पुढे केलं, तर फार्मासिस्ट आधी हाताकडेच बघणार.

आणखी दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिलं ठिकाण कंबर. शाळेत ‘वेस्ट’ हा शब्द पाठ केलेला असतो, पण ‘वेस्ट’ हे शिंप्याचं माप. आपली दुखते ती ‘लोअर बॅक’. दुसरं ठिकाण घसा. आत, गिळताना दुखत असेल तर ‘सोअर थ्रोट’. ‘नेक’ म्हणजे मान, आणि मान दुखते म्हटल्यावर प्रश्नांची दिशाच बदलते.

म्हणून पहिलं काम म्हणजे जागेला तिचं स्वतःचं नाव देणं. मांडी म्हणजे ‘थाय’, पोटरी ‘काफ’, नडगी ‘शिन’, घोटा ‘अँकल’, टाच ‘हील’. नाव आठवलं नाही तर बोट ठेवून ‘राइट हिअर’ म्हणायचं, तेवढ्यानेही भागतं. त्यासोबत दोन्हीकडे दुखतंय की एकाच बाजूला, हेही सांगायचं. ‘ओन्ली द लेफ्ट वन’ हे चार शब्द आपल्या गृहस्थांच्या बाबतीत सगळ्यात मोलाचे आहेत. ते का, हे पुढे येईलच.

(दृश्य: पोटरीवर फिरणारा हात, जवळून.)

जागेच्या बाबतीत मराठी सढळ आहे, पण दुखण्याच्या बाबतीत भलतीच काटेकोर. ठणकतं, चमकतं, कळ येते, चुरचुरतं, रग लागते, मुंग्या येतात, गोळा येतो. आपल्या आज्या या प्रत्येकात फरक करत आल्या आहेत. इंग्रजी बोलायची वेळ आली की मात्र हे सगळं एका ‘पेन’मध्ये कोंबलं जातं. डॉक्टरला हवा असतो तो नेमका हाच फरक.

नाडीच्या ठोक्याबरोबर उसळतं ते ठणकणं, त्याला ‘थ्रॉबिंग’ म्हणतात. विजेसारखी चमक एका जागेहून दुसरीकडे धावते ती ‘शूटिंग पेन’. कमरेतून पायात उतरणारी कळ या शब्दाने नेमकी सांगता येते. मंद, सतत, रेंगाळणारं दुखणं म्हणजे ‘डल एक’. येतं आणि ओसरतं, पुन्हा येतं, तर ‘इट कम्स अँड गोज’. चुरचुरणं ‘स्टिंगिंग’, जळजळ ‘बर्निंग’, मुंग्या ‘पिन्स अँड नीडल्स’, बधिरपणा ‘नम्ब’. छातीवर दडपण वाटत असेल तर ‘टाइट’ किंवा ‘हेवी’ म्हणायचं. छातीचं दडपण ‘गॅस’ किंवा ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणून सांगणं ही मात्र धोक्याची सवय आहे. तो तुमचा अंदाज झाला, लक्षण नव्हे. ‘इट्स टाइट अक्रॉस माय चेस्ट’ म्हटलं, तर पुढचा अंदाज ज्याचं ते काम आहे तो करील.

आता गोळा. पोटरीत गोळा आला याचं शब्दशः भाषांतर करून कोणी ‘लम्प’ म्हणालं, तर समोरचा गाठ शोधायला लागेल. गोळा येणं म्हणजे ‘क्रॅम्प’. तो बहुतेक वेळा काही मिनिटांत सुटतो. मागे थोडा हुळहुळेपणा राहिला तर राहतो. हे वेळेचं गणित ध्यानात ठेवा, कारण आपल्या गृहस्थांचं दुखणं तीन दिवस सुटलेलं नाही.

मराठीची आणखी एक खासियत म्हणजे आपल्याकडे आजार ‘येतात’. डोळे येतात, तोंड येतं, उन्हाळी लागते, अंगात उष्णता होते. यातलं इंग्रजीत काहीच जात नाही. अंगातली उष्णता तर अजिबातच नाही. ‘आय हॅव हीट इन माय बॉडी’ म्हटलं की समोरचा थर्मामीटर काढतो. अशा वेळी नाव सोडून द्यायचं आणि घडतंय ते सांगायचं. डोळे आले तर ‘माय आइज आर रेड अँड स्टिकी’. तोंड आलं तर ‘माउथ अल्सर्स’. उन्हाळी लागली तर ‘इट बर्न्स व्हेन आय पी, अँड आय नीड टु गो ऑल द टाइम’. हे रांगेत उभं राहून मोठ्याने बोलायची गरज नसते. तिथल्या बहुतेक औषधाच्या दुकानांत एक छोटी बंद खोली असते. ‘कॅन वी टॉक समव्हेअर प्रायव्हेट?’ एवढं विचारलं की फार्मासिस्ट तिकडे नेतो. इंग्लंडमध्ये २०२४च्या जानेवारीअखेरीपासून १६ ते ६४ वयाच्या बायकांना साध्या उन्हाळीवर, गरज पडली तर अँटिबायोटिकसुद्धा, फार्मासिस्टकडूनच मिळू शकतं. वय पासष्ट किंवा त्याहून जास्त असेल किंवा रुग्ण पुरुष असेल, तर तो डॉक्टरकडे पाठवतो.

उलटीच्या बाबतीत उलटा घोळ होतो. आपण आजारी माणसाला ‘सिक’ म्हणतो. ब्रिटनमध्ये ‘आय फील सिक’ म्हणजे मळमळतंय, आणि ‘आय वॉज सिक ट्वाइस’ म्हणजे दोनदा उलटी झाली. नुसतं बरं नसेल तर ‘अनवेल’ म्हणावं. ‘लूज मोशन्स’ही तिकडे सहज कळत नाही, ‘डायरिया’ म्हणावं लागतं. आणि ‘हॅव यू ओपन्ड युवर बावल्स?’ असं कोणी विचारलं तर गोंधळून जाऊ नका, शौचाला झाली का एवढंच विचारतायत.

चक्कर हाही एक निसरडा शब्द. भोवतालचं सगळं गरगर फिरतंय ही एक चक्कर, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती दुसरी. दोन्हींना ‘डिझी’ म्हणता येतं, पण तपासणी वेगळी होते. पहिलीला ‘द रूम इज स्पिनिंग’, दुसरीला ‘आय नियर्ली फेंटेड व्हेन आय स्टुड अप’ असं सांगितलं की डॉक्टरचे चार प्रश्न वाचतात.

(दृश्य: पुन्हा काउंटर. फार्मासिस्ट गृहस्थांना आतल्या खोलीत बोलावते.)

आता मूळ प्रसंगाकडे. फार्मासिस्ट विचारते, ‘व्हेअर एक्झॅक्टली?’ गृहस्थ पोटरीवर हात ठेवतात. ‘वन लेग ऑर बोथ?’ डावाच. ‘व्हेन डिड इट स्टार्ट?’

इथे आपण ‘सिन्स थ्री डेज’ म्हणतो. व्याकरण चुकतं, पण बिघडत काही नाही. त्याहून सोपं आणि पक्कं म्हणजे वार सांगणं, ‘इट स्टार्टेड ऑन ट्यूजडे’. मग ती विचारते की चालताना वाढतं का, सूज आहे का, हात लावला तर गरम लागतं का. दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की सूज दिसते. सावळ्या त्वचेवर लाली मात्र चटकन दिसत नाही, म्हणून ‘रेड’ नाही एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. ‘वॉर्म’ आहे का ते तपासावं. आणि मग तिचा कळीचा प्रश्न येतो, ‘एनी लाँग जर्नीज रिसेंटली?’

एकाच पोटरीत ठणका, चालताना वाढणारा, सूज, गरम त्वचा, आणि नुकताच चार तासांहून लांबचा प्रवास. हे सगळं जुळून आलं की फार्मासिस्ट मलम विकत नाही. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शंका तिच्या मनात येते. ती आहे की नाही हे दुकानात ठरत नाही. त्यासाठी रक्ततपासणी आणि पायाची सोनोग्राफी लागते, आणि तीही आजच. ‘लेग पेन, प्लीज गिव्ह सम जेल’ एवढंच म्हणून गृहस्थ घरी गेले असते, तर गुठळी सुटून फुप्फुसाकडे जाण्याचा धोका तसाच राहिला असता. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर मग थांबायचं नाही, थेट ९९९ या आणीबाणीच्या नंबरला फोन करायचा.

ती औषधांचीही चौकशी करते. गृहस्थ सांगतात, ‘इकोस्प्रिन, टेल्मा.’ ही आपल्याकडच्या कंपन्यांनी औषधांना दिलेली नावं, तिला ती माहीत असतीलच असं नाही. पण स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव छापलेलं असतं: अ‍ॅस्पिरिन ७५ मिलिग्रॅम, टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम. तेच वाचून दाखवायचं, किंवा स्ट्रिपच पुढे करायची. ही नावं कळली की ती आयबुप्रोफेनच्या गोळ्या देणार नाही, कारण अ‍ॅस्पिरिनबरोबर त्यांनी पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो आणि टेल्मिसार्टनबरोबर मूत्रपिंडावर ताण येतो.

साखरेचा आकडा सांगायचा झाला तर एक काळजी घ्यावी लागते. आपलं ‘शुगर १८०’ तिकडे १० होतं, कारण तिथलं एकक वेगळं आहे. आपल्या आकड्याला १८ने भागायचं. तापही सेल्सियसमध्ये सांगायचा, आपला १०१ म्हणजे त्यांचा ३८.३.

फार्मासिस्ट १११ला फोन करायला सांगते. तातडीचं असलं तरी जीव लगेच धोक्यात नसलेल्या दुखण्यासाठी तो नंबर आहे, आणि फोन फुकट लागतो. फोनवर समोर चेहरा नसतो, पोटरीवर बोट ठेवता येत नाही. म्हणून खोलीतून बाहेर पडण्याआधी ती एका कागदावर काही ओळी लिहून त्यांच्या हातात देते:

‘आय हॅव अ थ्रॉबिंग पेन इन माय लेफ्ट काफ. इट इज स्वोलन अँड वॉर्म. इट स्टार्टेड ऑन ट्यूजडे. आय फ्लू फ्रॉम मुंबई लास्ट मंडे, नाइन अवर्स. नो चेस्ट पेन, नो ब्रेथलेसनेस.’

आणि त्याखाली, इंग्रजी अडखळलंच तर फोन उचलल्या उचलल्या म्हणायचे तीन शब्द: ‘मराठी इंटरप्रिटर, प्लीज.’