आधी शिराझ, मग रस्सा

श्रोतेहो, नमस्कार. आज रात्री वरुडजवळच्या संत्र्याच्या बागेत आमची पाच वाइनची पंगत आहे. मी सॉमेलिए, म्हणजे वाइनचा वाढपी. येणारे बहुतेक पाहुणे पहिल्यांदाच वाइन चाखणार आहेत, म्हणून दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो.

पहिल्या पंगतीत मी घोळ घातला होता. झणझणीत मटणरश्श्याबरोबर शिराझ ही लाल वाइन वाढली, तीही टेबलावर तासभर ठेवलेली. एक काका घोट घेऊन म्हणाले, "हे तं लय झोंबते बाप्पा!" त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मिरचीनं आधीच पेटलेल्या जिभेला अल्कोहोल आणखी पोळतं. त्यात लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून टॅनिन उतरतं. जांभूळ खाल्ल्यावर तोंड कोरडं पडतं ना, तोच तुरटपणा. रश्श्याच्या तिखटात तो जास्तच कडू लागतो.

म्हणून यंदा क्रम बदललाय. सुरुवातीला फसफसणारी स्पार्कलिंग, मूगभज्यांसोबत; तिचा आंबटपणा आणि बुडबुडे तेलकटपणा धुऊन काढतात. मग सॉव्हिन्यों ब्लाँ ही पांढरी वाइन. तिसरी शिराझ, पण सोबत बिनतिखटाचं भाजलेलं मटण. मांसातल्या प्रथिनांमुळे आणि चरबीमुळे टॅनिन नरम लागतं. मटणाआधी एक घोट घ्या, एक नंतर. फरक तुम्हीच सांगाल.

रस्सा येईल चौथ्या वाइनबरोबर. ती किंचित गोड, थंडगार शेनिन ब्लाँ. ठसका लागल्यावर आपण गूळ शोधतो, तेच काम ही गोडी करते. गोड वाइननंतर कोरडी, म्हणजे साखर जवळपास नसलेली वाइन आंबट लागते, म्हणून शिराझ तिच्या आधी. शेवटची लेट हार्वेस्ट, वेलीवर जास्त दिवस राहून गोड झालेल्या द्राक्षांची. तिच्यासोबत संत्राबर्फी ठेवायचा मोह मी आवरला. पदार्थ वाइनपेक्षा गोड झाला की वाइन फिकी पडते. भाजलेले शेंगदाणे मिळतील.

आता थंडाव्याचं. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, असं सांगणारे युरोपातल्या गार घरांचं बोलतात. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीही खोली तीस अंशांच्या वर असते. तेवढ्या गरम शिराझमध्ये फळाच्या आधी अल्कोहोलच नाकात शिरतं. म्हणून तिची बाटली मी वीसेक मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवीन. सोळा-सतरा अंश पुरेत; त्याहून गार केली तर तुरटपणा उघडा पडतो.

प्रत्येक वाइन साठ मिलीच मिळेल. पाच मिळून तीनशे होतात, ते काही कमी नाही, तेव्हा गाडी चालवणाऱ्यानं पिऊ नये. चाखून थुंकायचं असेल तर पिकदाणी ठेवलीय, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि हो, येण्याआधी खर्रा तेवढा टाळा. सुपारीच्या तुरट जिभेला शिराझचा तुरटपणा काय कळणार!