तीन वस्तू, एक वक्र: सेफ्टी स्टॉकचा पैसा कुठे ठेवायचा?

मित्रहो, स्टोअर्समध्ये माल किती ठेवायचा, हा प्रश्न आपण नेहमी एकेका वस्तूपुरता विचारतो. मालक मात्र वेगळंच विचारतो: ‘सगळं मिळून माझे किती पैसे अडकलेत आणि त्याच्या बदल्यात किती वेळा “माल नाही” म्हणावं लागतं?’ या दोन आकड्यांमधली देवाणघेवाण जो वक्र दाखवतो, तो एक्सचेंज कर्व्ह. आडव्या अक्षावर सगळ्या वस्तूंच्या सेफ्टी स्टॉकची, म्हणजे मागणीचा अंदाज चुकला तरी माल पुरावा म्हणून ठेवलेल्या जादा साठ्याची एकूण किंमत, उभ्या अक्षावर वर्षभरातले एकूण तुटवडे.

हिशेब सोपा व्हावा म्हणून मी सुट्या भागांचं एक छोटं दुकान मांडतो. वस्तू तीनच. गिअरबॉक्स ८,००० रुपयांचा, महिन्याला १० खपतात. कपलिंग ५०० रुपयांचं, महिन्याला २०. ऑइल सील २० रुपयांचं, महिन्याला ५०. प्रत्येकीची ऑर्डर वर्षातून १० वेळा जाते. माल येईपर्यंतच्या काळात मागणी अंदाजापेक्षा कमीजास्त होते. त्या चढउताराचं माप, म्हणजे प्रमाण विचलन, अनुक्रमे ५, २० आणि ५० नग आहे.

दुकानाचा नियम सरधोपट आहे: प्रत्येक वस्तूचा १५ दिवसांचा खप सेफ्टी स्टॉक म्हणून ठेवायचा. म्हणजे ५ गिअरबॉक्स, १० कपलिंगं, २५ सील. अडकलेले पैसे ४५,५०० रुपये, त्यातले ४०,००० एकट्या गिअरबॉक्समध्ये. मागणी नॉर्मल वितरणाने वागते असं धरलं, तर वर्षाला गिअरबॉक्सचे सुमारे १.६ तुटवडे आणि कपलिंग व सील यांचे प्रत्येकी ३.१. एकूण ७.८. वर्षाच्या ३० खेपांपैकी ७४ टक्के निर्धोक जातात.

आता दोन गिअरबॉक्स कमी करा. १६,००० रुपये मोकळे झाले. त्यातून कपलिंगं ३५ आणि सील १४० ठेवा. एकूण रक्कम ४४,३०० रुपये, म्हणजे आधीपेक्षा कमीच. गिअरबॉक्सचे तुटवडे २.७ वर गेले, हे लपवायचं नाही. पण कपलिंगचे ०.४ झाले आणि सीलचे जवळजवळ संपले. एकूण ३.२, म्हणजे ८९ टक्के खेपा निर्धोक. खिशातून एक रुपया न काढता निम्म्याहून अधिक तुटवडे गेले, कारण २० रुपयांच्या सीलवर सुरक्षितता विकत घेणं फार स्वस्त पडतं.

अशी सर्वोत्तम वाटणी वेगवेगळ्या रकमांसाठी करत गेलं की वक्र तयार होतो. दुकानाचा जुना बिंदू त्या वक्राच्या बराच वर तरंगतो. तो आधी वक्रावर आणायचा, मग वक्रावर कुठे थांबायचं ते ठरवायचं. बहुतेक ठिकाणी लोक पहिली पायरी विसरतात आणि थेट जास्त भांडवल मागतात, याचं मला फार वाईट वाटतं.

वक्रावरून पुढे गेलं की चढण लागते. रक्कम ६२,३०० केली तर तुटवडे १.९ होतात. म्हणजे टळलेल्या प्रत्येक तुटवड्यामागे सुमारे १४,००० रुपये अडकवावे लागले. ८५,५०० ला ०.८, तिथे तोच भाव २२,००० च्या आसपास. १,०९,४०० ला ०.३ आणि भाव ४६,००० वर. तुटवड्याने नेमकं किती नुकसान होतं, हे मालकाला सहसा सांगता येत नाही. पण ‘वर्षातला एक तुटवडा टाळायला ४६,००० रुपये गुंतवाल का?’ याचं उत्तर तो चटकन देतो. त्या उत्तरातून सगळ्या वस्तूंचे साठे ठरतात.

एक गोष्ट मात्र आधी पक्की करायला हवी: सेवा म्हणजे काय मोजायचं? आपण तुटवड्याच्या वेळा मोजल्या, म्हणजे सील नसणं आणि गिअरबॉक्स नसणं सारखंच धरलं. वीस रुपयांच्या सीलसाठीही गिऱ्हाईकाचं मशीन बंद पडतं, तिथे हे बरोबर आहे. पण न पुरवता आलेल्या मालाची रुपयांतली किंमत मोजायची ठरवली, तर गणितात वस्तूची किंमत दोन्हीकडून कटते. मग सारख्याच वेळा ऑर्डर जाणाऱ्या आपल्या तिन्ही वस्तूंना चढउताराच्या सारख्याच पटीत साठा मिळतो, आणि वरची अदलाबदल चुकीची ठरते.

आणखी एक अडचण वक्रात दिसत नाही. १४० सील म्हणजे जवळपास तीन महिन्यांचा खप, तोही खेपेने येणाऱ्या मालाखेरीज. रबर ठेवून ठेवून कडक होतं, तेव्हा साठवणुकीच्या मुदतीची मर्यादा आपणच घालायची. क्वचित खपणाऱ्या वस्तूंना तर नॉर्मल वितरण लागूच पडत नाही. त्या या हिशेबातून वेगळ्या काढा. बाकीच्यांसाठी वर्षभर प्रत्यक्ष तुटवडे मोजा. वक्राने ३ सांगितले आणि घडले ८, तर बहुधा चढउताराचं माप कमी धरलं गेलंय. तिथे मी सगळ्यात आधी पुरवठादाराचे उशीर तपासतो, कारण माप काढताना बहुतेक जण फक्त मागणीच धरतात.