घाव कुठे बसतो ते चिलखत ठरवतं

मित्रहो, चिलखताचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास येतो, कुठलं शस्त्र कुठलं चिलखत फोडतं? मला हा प्रश्न थोडा वळवून घ्यायचा आहे. चिलखत फुटणं ही लढाईत तुलनेनं कमी घडणारी गोष्ट होती. चिलखतामुळे शत्रूला घाव घालायची जागा आणि पद्धत बदलावी लागायची. कापण्याचा रस्ता बंद झाला की भोसकायचं, तोही बंद झाला की ठेचायचं. याचा सगळ्यात खरा पुरावा म्हणजे मेलेल्यांची हाडं, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

स्वीडनजवळ बाल्टिक समुद्रात गोटलंड नावाचं बेट आहे. 27 जुलै 1361 रोजी तिथल्या विस्बी शहराच्या तटाबाहेर डेन्मार्कचा राजा चौथा वाल्देमार याच्या कसलेल्या फौजेनं गावकऱ्यांचं सैन्य कापून काढलं. दिवस उन्हाळ्याचे, प्रेतं भराभर सडू लागली, तेव्हा ती अंगावरच्या चिलखतांसकट मोठ्या खड्ड्यांत पुरली गेली. विसाव्या शतकात हे खड्डे उकरले तेव्हा अकराशेहून अधिक माणसांचे सांगाडे निघाले. काहींच्या कवटीभोवती कड्यांची टोपी अजून तशीच होती.

अभ्यासकांनी एकेका हाडावरची खूण नोंदवली. तलवारी-कुऱ्हाडींचे सर्वात जास्त घाव पायांवर होते, त्यातही गुडघ्याखालच्या नडगीवर. धडावर कड्यांचं चिलखत किंवा कापडाच्या आत लोखंडी पट्ट्या ठोकलेला अंगरखा होता, डाव्या हातात ढाल होती, पाय मात्र बऱ्याच जणांचे उघडे होते. सराईत सैनिक तिथेच मारणार. अर्थात हाडं फक्त हाडापर्यंत पोचलेला घाव सांगतात. पोटात घुसलेला भाला सांगाड्यावर खूण न ठेवताही माणूस मारतो, एवढं लक्षात ठेवून हा पुरावा वाचायला हवा.

आता कड्यांचं चिलखत जवळून पाहू. यातली प्रत्येक कडी साधारणपणे शेजारच्या चार कड्यांत ओवलेली असते. तार जेमतेम एक ते दीड मिलिमीटर जाडीची. तारेची दोन टोकं चपटी करून एकमेकांवर ठेवायची, भोक पाडायचं आणि त्यात बारीक रिबिट ठोकायची. हिंदुस्थानी चिलखतांत बऱ्याचदा एक ओळ रिबिटाच्या कड्यांची आणि एक ओळ सांधाच नसलेल्या अखंड कड्यांची असते. संग्रहालयात गेलात तर कडीवर तो बारीकसा फुगवटा शोधा. तो नसेल, तारेची टोकं नुसतीच भिडवलेली असतील, तर ते चिलखत मिरवण्याचं असण्याची शक्यता मोठी, कारण अशी कडी भोसकताच उघडते.

तलवारीचा वार अशा चिलखतावर पडला की धार एकाच वेळी कितीतरी कड्यांवर पसरते आणि कापत नाही. पण वाराचा जोर कुठे जाणार? कड्या लवचीक असतात, त्या मांसात दबतात, आणि कातडीवर ओरखडा नसतानाही आतलं हाड मोडतं. टोकाचं गणित वेगळं. निमुळतं टोक एकाच कडीत शिरतं, सगळा जोर तिच्या रिबिटावर येतो आणि ती फाटू शकते. म्हणून कड्यांच्या चिलखताला भीती होती ती भाल्याची, अरुंद टोकाच्या बाणाची आणि गदेची.

या दोन्ही उणिवा भरून काढायचं ते आतलं कापड. चिलखताच्या चर्चेत त्याला फार कमी जागा मिळते याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्या गोधडीसारखे कापडाचे थर एकावर एक ठेवून घट्ट शिवलेला हा अंगरखा. तो गदेचा दणका मंदावतो, आणि कडी फोडून आलेल्या टोकाची ताकद शोषून घेतो. 1191 साली सलाउद्दीनच्या फौजेनं समुद्रकाठानं चाललेल्या क्रुसेडरांवर, म्हणजे धर्मयुद्धासाठी आलेल्या युरोपी सैनिकांवर, बाणांचा वर्षाव केला. सलाउद्दीनच्याच पदरी असलेल्या बहाउद्दीननं लिहून ठेवलंय की पायदळातल्या माणसांच्या पाठीत बाण रुतलेले असूनही ती चालतच होती. त्यांच्या अंगावर लोकर दाबून केलेल्या जाड नमद्याचा थर होता आणि त्यावर कड्यांचं चिलखत. पुढे पंधराव्या शतकात फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या काळातल्या नियमात सैनिकांच्या अंगरख्याला वापरून मऊ झालेल्या कापडाचे पंचवीस ते तीस थर आणि वर हरणाचं कातडं असावं, असं सांगितलं आहे. कापड जुनं हवं ही अट विणणाऱ्याला आणि शिवणाऱ्याला लगेच कळेल. मऊ थर टोकाबरोबर सरकतात, दबतात, पटकन तुटत नाहीत.

कापड हरतं ते धारदार, रुंद पात्यापुढे, जर थर कमी असतील तर, आणि अर्थात आगीपुढे.

तिसरा प्रकार म्हणजे पोलादी पत्र्याचं संपूर्ण चिलखत. पंधराव्या शतकातल्या युरोपात त्याचं वजन वीस-पंचवीस किलो असे, पण ते अंगभर वाटलेलं असल्यामुळे माणूस धावू शकत होता, घोड्यावर चढू शकत होता. छातीवरचा पत्रा जाड, हातापायांवरचा पातळ, आणि सगळा आकार असा गोलावा दिलेला की टोक घसरून जावं. यावर तलवारीचा वार म्हणजे फुकटची मेहनत. तेव्हाच्या तलवारबाजीच्या पोथ्यांत योद्धे डाव्या हातानं तलवारीचं पातंच मधोमध धरून, भाल्यासारखं टोक काखेत, कोपराच्या आत, शिरस्त्राणाच्या फटीत घालताना दाखवले आहेत. दुसरा उपाय हातोडा, कुऱ्हाड आणि सुळा एकाच लांब दांड्यावर बसवलेलं शस्त्र. त्यानं पत्रा भोकसला नाही तरी माणूस भोवंडून कोसळतो, आणि आडव्या पडलेल्याच्या फटीत खंजीर घालणं सोपं.

इंग्लंडचा तिसरा रिचर्ड 22 ऑगस्ट 1485 रोजी बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला. 2012 मध्ये लेस्टर शहरात गाड्या उभ्या करण्याच्या जागेखाली त्याचा सांगाडा सापडला. मरणाच्या वेळच्या अकरा जखमा मोजल्या गेल्या, त्यातल्या नऊ कवटीवर. हातांवर आणि बाहूंवर बचाव करताना होतात तशा जखमाच नाहीत. म्हणजे अंगावरचं चिलखत शाबूत होतं, शिरस्त्राण मात्र गेलं होतं, काढलं किंवा हरवलं. कवटीच्या तळाशी दोन मोठे घाव आहेत आणि मृत्यू बहुधा त्यांनीच झाला. ओटीपोटाच्या हाडावरही एक जखम आहे. ती जागा चिलखतानं झाकलेली असते, म्हणून ती चिलखत उतरवल्यावर प्रेताला केलेली असावी, असं तज्ज्ञांचं मत आहे. राजाचं चिलखत फोडावं लागलंच नाही. एक उघडं डोकं पुरलं.

आपल्याकडे हेच प्रतापगडाच्या पायथ्याशी 10 नोव्हेंबर 1659 रोजी दिसतं. सभासदाच्या बखरीप्रमाणे अफझलखानानं महाराजांची मान काखेत दाबून कुशीत जमदाड चालवली, पण आत कड्यांची कुडती होती, तिच्यावर ती खरखरली आणि अंगाला लागली नाही. जमदाड म्हणजे कट्यारीच्याच घराण्यातलं, आडव्या मुठीचं, ठोसा मारल्यासारखं भोसकायचं शस्त्र. अशा कट्यारींचं टोक कितीदा मुद्दाम जाड केलेलं असतं ते कड्या फोडण्यासाठीच. मग ती इथे का चालली नाही? माझं मत असं की मिठीत हात मागे घ्यायला जागाच नसते. भोसकण्याला लागणारी गती मिळाली नाही, वार तिरका गेला आणि टोक एका कडीत रुतण्याऐवजी कड्यांवरून घासत सुटलं. खानाच्या अंगात मात्र नुसता झगा होता. त्याच्यासाठी वाघनखं आणि बिचवा पुरेसे ठरले, आणि सय्यद बंडाचा पट्टा धरलेला हात जिवा महालानं एका वारात कापला.