लाइन क्रॉस कधी करावी? १८० अंशांचा नियम

नमस्कार. माझ्यासमोरच्या टेबलावर स्टीलचे दोन पेले ठेवले आहेत. डावीकडचा पेला म्हणजे वडील आणि उजवीकडचा म्हणजे मुलगा. दोघे एकमेकांकडे पाहत आहेत असे समजा. आता त्यांच्या नजरा जोडणारी एक रेष मी खडूने ओढतो. हाच अ‍ॅक्सिस. या रेषेच्या एका बाजूच्या अर्धवर्तुळात कॅमेरा कुठेही ठेवला तरी वडील उजवीकडे पाहताना दिसतील आणि मुलगा डावीकडे. कॅमेरा रेषेपलीकडे नेला, म्हणजेच लाइन क्रॉस केली, की दोघांची दिशा उलटते. म्हणून प्रसंगभर कॅमेरा रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा, हाच १८० अंशांचा नियम. एक गोष्ट लक्षात ठेवा, की ही रेष टेबलाची किंवा खोलीची नसून नजरेची असते. त्यामुळे आई चहा घेऊन आली आणि मुलगा तिच्याशी बोलू लागला, की रेषही त्या दोघांमध्ये नव्याने आखावी लागते.

हा नियम मला पुस्तकातून जेवढा कळला नाही, तेवढा निफाडजवळच्या एका मळ्यावर लघुपट करताना कळला. प्रसंग साधा होता. पश्चिमेकडे तोंड असलेल्या ओसरीत बाप-लेक समोरासमोर बसले आहेत आणि द्राक्षबाग विकण्यावरून त्यांचे बोलणे चालले आहे. सकाळी अंगणात कॅमेरा लावून आम्ही अख्खा प्रसंग एका फ्रेममध्ये दाखवणारा मास्टर शॉट आणि वडिलांचे क्लोजअप घेतले. जेवण झाल्यावर मुलाचे क्लोजअप घ्यायला गेलो, तर ऊन थेट त्याच्या तोंडावर येऊ लागले आणि त्याचे डोळे मिटू लागले. म्हणून कॅमेरा भिंतीकडे नेला. ऊन आता त्याच्या मागून येत होते, मागे हिरवी बाग दिसत होती आणि फ्रेम इतकी देखणी झाली होती, की लाइन क्रॉस झाल्याचे युनिटमध्ये कोणाच्याही ध्यानात आले नाही. अर्थात, ते माझ्या ध्यानात यायला हवे होते.

एडिटिंगला बसल्यावर दोघेही उजवीकडेच पाहत होते. बाप-लेक एकमेकांशी न बोलता दोघे मिळून कुंपणापलीकडच्या तिसऱ्याच माणसाशी बोलत आहेत, असे वाटत होते. मुलाचे शॉट आडवे उलटवून पाहिले, तेव्हा त्याची नजर बरोबर झाली, पण डाव्या मनगटावरचे घड्याळ उजव्या हातावर गेले आणि मागच्या ट्रॅक्टरच्या नंबरप्लेटवरचे एमएच १५ आरशातल्यासारखे दिसू लागले. अखेर तो प्रसंग पुन्हा चित्रित करावा लागला.

दुसऱ्या वेळी मात्र तीच रेष आम्ही ठरवून ओलांडली. प्रसंगाच्या मध्यावर मुलगा म्हणतो, “आबा, मी सही करून आलोय.” तोपर्यंतचे सगळे शॉट आम्ही अंगणाच्या बाजूनेच घेतले, त्यामुळे दोघांच्या मागे फक्त भिंत दिसत राहिली आणि बाग एकदाही दिसली नाही. वडील सतत फ्रेमच्या डाव्या बाजूला, मुलगा सतत उजव्या बाजूला. हे वाक्य संपताच भिंतीच्या बाजूने घेतलेल्या, दोघांना एकत्र दाखवणाऱ्या टू-शॉटवर कट केला. दोघांच्या जागा अदलाबदल झाल्या, आतापर्यंत बोलणे ज्यांच्या हातात होते ते वडील फ्रेमच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत पहिल्यांदाच ती बाग दिसली.

हा कट चालला, याची कारणे त्याच्या रचनेत आहेत. आधी दिशा इतकी पक्की बसवलेली होती, की ती उलटताच प्रेक्षकाला धक्का जाणवला. सुरुवातीपासूनच कॅमेरा इकडेतिकडे फिरत असता, तर मोडायला काही उरलेच नसते. शिवाय रेष ओलांडताना दोघेही एकाच फ्रेममध्ये होते. क्लोजअपवरून क्लोजअपवर उडी मारली असती, तर आमची पहिलीच चूक पुन्हा झाली असती. स्टॅनली कुब्रिक यांच्या १९८० च्या ‘द शायनिंग’मध्ये लाल भिंतींच्या स्वच्छतागृहातल्या संभाषणात कॅमेरा असाच थेट समोरच्या बाजूला जातो, आणि तिथेही दोन्ही पात्रे पूर्ण दिसत असल्यामुळे आपण गोंधळत नाही, अस्वस्थ होतो.

एकदा ओलांडल्यावर आम्ही प्रसंग संपेपर्यंत पलीकडेच राहिलो. मधला एक सुंदर क्लोजअप जुन्या बाजूचा होता, तो मला काढून टाकावा लागला, कारण परत येताच पहिली उडीही चुकूनच झाली असावी असे वाटू लागते. (तो शॉट अजून हार्ड डिस्कवर आहे, आणि अजून जीव हळहळतो.)

नुसती जागा बदलायची असेल आणि धक्का नको असेल, तर कट न करता कॅमेराच चालत रेषेपलीकडे न्यावा, किंवा पात्राला उठून जागा बदलायला लावावे. प्रेक्षक तो प्रवास पाहतो, त्यामुळे त्याला काहीच खटकत नाही. मात्र मग त्यातून अस्वस्थताही निर्माण होत नाही.

आपला कट कोणत्या प्रकारचा झाला आहे, हे ओळखण्यासाठी तो प्रसंग पटकथा न वाचलेल्या माणसाला दाखवावा आणि काहीही न सांगता काय वाटले ते विचारावे. आमची पहिली आवृत्ती पाहून शेजारच्या काकूंनी विचारले होते, “मुलगा उठून बापाच्या शेजारी कधी बसला?” दुसरी पाहून त्या कॅमेऱ्याबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “सही केल्याचं ऐकल्यावर आबा एकदम परक्या घरात बसल्यासारखे दिसले.”