ग्रंथालयाचा अनुस्वार: अ‍ॅपचा आयकन तीन साच्यांतून पाहताना

(डिझाइन आणि प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांच्या एका मेळाव्यातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आपण आयकन काढतो चौरसात, पण फोन तो चौरसात दाखवीलच असं नाही. एका कंपनीचा फोन तो गोल कापतो, दुसरीचा कोपरे गोलावून चौकोनी कापतो, तिसरी जवळजवळ पूर्ण चौरस ठेवते. कापायचा आकार फोन ठरवतो, आपण नाही. अँड्रॉइडवर 2017 मध्ये, आठव्या आवृत्तीपासून, ही पद्धत अधिकृत झाली. तरीही अजून रोज कुठल्यातरी अ‍ॅपचं अक्षर कडेला छाटलेलं दिसतं, आणि मला ते बघवत नाही.

मूळ हिशेब समोरच्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. आयकनचे दोन थर असतात: मागे पार्श्वभूमी, पुढे चिन्ह. दोन्ही 108 गुणिले 108 डीपीचे; डीपी म्हणजे पिक्सेल कितीही दाट असले तरी डोळ्याला साधारण सारखंच दिसणारं माप. त्यातला मधला 72 डीपीचा भागच साच्यातून, म्हणजे मास्कमधून, दिसू शकतो. चारही बाजूंना 18 डीपी राखीव. लाँचर, म्हणजे फोनची होम स्क्रीन, दोन थर किंचित मागेपुढे सरकवून हालचालीचा आभास देतो, तेव्हा हा राखीव भाग डोकावतो. छापखान्यात कटिंगसाठी ब्लीड सोडतो ना, तसंच. आणि आत 66 डीपी व्यासाचं एक वर्तुळ: त्याच्या आत जे आहे ते कोणताही साचा कापणार नाही, एवढी हमी. 72 आणि 66 या दोन आकड्यांच्या मधली जागा फसवी आहे. तिथलं काही फोनवर दिसतं, काहींवर नाही.

आता गोष्ट सांगतो. जरा लांबेल, पण आजचा सगळा विषय तिच्यातच आहे.

एका सार्वजनिक ग्रंथालयाचं अ‍ॅप होतं. पुस्तक उपलब्ध आहे का ते पाहा, मुदत वाढवून घ्या, एवढंच काम. अ‍ॅप उत्तम चालायचं. आयकन आधीच्या लोकांनी केला होता आणि कार्यकारिणीतल्या मंडळींची तक्रार होती की "फोनवर आपला आयकन चांगला दिसत नाही." काय चांगलं दिसत नाही, ते कुणालाच नेमकं सांगता येईना. पहिला आग्रह होता की संस्थेचा शिक्काच आयकन म्हणून घाला. शिक्का तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे: भोवती गोलाकार संस्थेचं नाव, खाली स्थापनेचं वर्ष, मधे उघडं पुस्तक, पुस्तकावर समई, आणि समईच्या दोन्ही बाजूंना काहीतरी पानाफुलांचं. (हशा) हसताय, पण तो शिक्का कागदावर फार देखणा आहे. माझं त्याच्याशी भांडण नाही. आयकनच्या जागेत बोटाच्या टोकाएवढं चित्र असतं आणि त्यात गोलाकार ओळीतलं अक्षर वाचता येणार नाही, एवढंच मी म्हणत होतो. त्यातही शिक्क्याची बाहेरची रेघ नेमकी साच्याच्या कडेशी येते. गोल साच्यात ती दुहेरी कड वाटते, चौरसात मधेच तरंगणारी कडी. दोन बैठका या कडीत गेल्या! शेवटी एका ज्येष्ठ ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "शिक्का पावतीवर राहू दे, इथे आपलं ग्रं पुरे." मला ते वाक्य फार आवडलं.

आधीचा आयकनही 'ग्रं' हाच होता. मग तक्रार कशाची? मी तो गोल साच्यात ठेवला आणि उत्तर समोर आलं. ग्रंथालयाचा अनुस्वार अर्धवट कापलेला! ज्यांच्या फोनवर चौरस साचा होता त्यांना सगळं ठीक दिसत होतं, ज्यांच्याकडे गोल होता त्यांना टिंबाच्या जागी एक चावलेला तुकडा. म्हणूनच बैठकीत एकमत होत नव्हतं. दोघेही खरं बोलत होते.

आता हे मोजून दाखवतो, कारण नजरेवर सोडलं की वाद संपत नाही. मधोमध शून्य धरा. अक्षर 56 डीपी रुंद आणि 64 उंच होतं, टिंबासकट. 72 च्या चौरसात वरखाली चार-चार डीपी मोकळे आणि बाजूंना आठ-आठ. अगदी व्यवस्थित. पण 'ग्रं'चं टिंब कुठे असतं? दंडाच्या वर, म्हणजे उजव्या वरच्या कोपऱ्याकडे. इथे टिंबाचा मध्य होता शून्यापासून 21 उजवीकडे आणि 28 वर. पायथागोरस लावा: बरोबर 35. टिंबाची त्रिज्या 4, म्हणजे त्याची बाहेरची कड 39 वर. गोल साच्याची त्रिज्या 36. आठ डीपीच्या टिंबातले तीन डीपी उडाले. दंडाचा पाय 21 उजवीकडे आणि 32 खाली, म्हणजे 38 च्या वर, तोही तिरका छाटलेला. शिरोरेघेची टोकं 28 बाजूला आणि 22 वर, साधारण साडेपस्तीस. ती वाचली, पण कडेला टेकलेली.

देवनागरी अक्षराची ही अडचण लक्षात घ्या. शिरोरेघ आडवी पसरते, दंड उभा खाली जातो, टिंब आणि मात्रा वर चढतात. आपलं अक्षर कोपऱ्यांत जातं, आणि गोल साचा नेमका कोपराच खातो. त्यामुळे "72 मध्ये मावलं" या हिशेबाला इथे अर्थ नाही. सर्वांत लांबचा बिंदू मध्यापासून किती दूर आहे, तो 33 च्या आत आहे का, हे बघायचं.

आता दुसरा दोष, आणि तो मला कापण्यापेक्षा जास्त छळतो. हे अक्षर मध्यात नव्हतं. सॉफ्टवेअरच्या मते होतं, कारण 'अलाइन सेंटर' दाबलं की ते बाहेरची चौकट मधोमध आणतं आणि त्या चौकटीत टिंबही धरलेलं असतं. टिंब वगळून अक्षराचं अंग पाहा: शिरोरेघ 22 वर, पाय 32 खाली. अंगाचा मध्य शून्याच्या खाली 5 डीपी. एका छोट्या टिंबासाठी अख्खं अक्षर खाली ढकललं गेलं. चौरसात हे फारसं जाणवत नाही, कारण डोळा सरळ कडांपासूनचं अंतर मापतो आणि वरखाली अंतर सारखंच होतं. गोलात डावीकडे वर मोठी रिकामी कमान दिसते आणि अक्षर खाली घसरल्यासारखं वाटतं.

मग वर उचलायचं? उचललं की टिंब आणखी बाहेर. म्हणून दोन्ही एकत्र सोडवावं लागतं. आधी जागा, मग आकार. अक्षर 3 डीपी वर आणि 2 डावीकडे घेतलं. पूर्ण 5 वर घेतलं नाही, कारण टिंबालाही थोडं वजन असतंच. आता टिंबाचा मध्य 19 उजवीकडे आणि 31 वर, अंतर साधारण 36.4, त्रिज्या मिळवून 40.4. हे 33 च्या आत आणायला सगळं 0.8 पट केलं: 32.3. बसलं. अक्षर आता साधारण 45 गुणिले 51 आहे. टिंबही लहान झालं, 6.4 डीपीचं, आणि फोनवर तो ठिपका धुळीचा वाटेल. म्हणून ते एकटंच वाढवून साडेसातचं केलं. त्याची कड 32.9 च्या आसपास, अजूनही आत. याहून मोठं करायला जागा नाही.

कार्यकारिणीला दोन्ही आयकन एकाच पानावर, तिन्ही साच्यांत शेजारी-शेजारी छापून दाखवले. काय बिघडलं होतं ते सांगण्याची गरजच पडली नाही.

(संयोजकांकडून पाच मिनिटांची सूचना)

बरं, पाचच मिनिटं. आजच्या विषयात तीन साचे होते आणि मी एकाच्याच प्रेमात अडकलो, तेव्हा उरलेलं घाईने. तुमच्यातल्या काहींच्या मनात प्रश्न असेल: गोल सगळ्यांत कडक आहे, त्यात पास झालं की बाकीचे कशाला तपासायचे? कापण्यापुरतं हे खरं आहे. पण प्रत्येक साचा वेगळी चूक पकडतो. गोल साचा कापलेले कोपरे दाखवतो. चौरस साचा पार्श्वभूमी उघडी पाडतो: ती 108 पर्यंत भरलेली नसेल, कडेला कुणी सजावटीची चौकट काढली असेल किंवा स्वतःच कोपरे गोलावून दिले असतील, तर ते इथे दिसतं. आणि गोल कोपऱ्यांचा चौकोन त्या चौकटीचे कोपरे मधेच तोडतो, म्हणून चौकट काढूच नये.

मध्याचा प्रश्न तर साच्यागणिक बदलतो. उजवीकडे टोक असलेला समभुज त्रिकोण घ्या, 'प्ले'चं बटण. त्याची रुंदी 36 असेल तर चौकटीप्रमाणे मध्यात ठेवल्यावर उजवं टोक 18 वर, पण डावी दोन टोकं सुमारे 27.5 वर. गोलात तो डावीकडे झुकलेला वाटतो. 6 डीपी उजवीकडे सरकवा, तिन्ही टोकं 24 वर येतात आणि गोलात तो सुरेख बसतो. पण चौरसात आता डावीकडे 24 मोकळे आणि उजवीकडे 12! म्हणून 3 ते 4 वर तडजोड करावी. दोन्हीकडे थोडं चुकतं, पण कुठेच खटकत नाही.

तपासायचं कसं? सगळे आकडे चौपट करून 432 पिक्सेलच्या कॅनव्हासवर 288 आणि 264 व्यासाची दोन वर्तुळं कायमची आखून ठेवा. अँड्रॉइड स्टुडिओच्या इमेज ॲसेट खिडकीत सगळे साचे शेजारी-शेजारी दिसतात, पण तिथल्या आकारावर विसंबू नका, खऱ्या फोनवर हातभर अंतरावरून बघा. चिन्ह मध्यात आहे की नाही हे कळायला चित्र धूसर करा आणि आडवं उलटवा. तोल गेला असेल तर उलटवल्यावर तो लगेच जाणवतो.

वेबवरच्या अ‍ॅपला हाच नियम, फक्त सुरक्षित वर्तुळाची त्रिज्या रुंदीच्या 40 टक्के. 512 पिक्सेलला ती साधारण 204. मॅनिफेस्टमध्ये दोन वेगळ्या फाइली द्या:

```
{ "src": "a.png", "sizes": "512x512", "purpose": "any" },
{ "src": "m.png", "sizes": "512x512", "purpose": "maskable" }
```

एकच फाइल दोन्हींसाठी वापरली तर जिथे साचा लागत नाही तिथे चिन्ह विनाकारण बारीक दिसतं. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये मॅनिफेस्टच्या पानावर फक्त सुरक्षित भाग दाखवण्याची खूण आहे, ती लावून बघा. आयफोनसाठी 1024 चा पूर्ण भरलेला चौरस द्या, पारदर्शक भाग नको, आणि कोपरे सिस्टिमला गोलावू द्या. प्ले स्टोअरसाठीही 512 चा भरलेला चौरसच.

आणि अँड्रॉइड 13 पासून एकरंगी थरही असतो. फोनच्या रंगसंगतीत आयकन रंगवला जातो तो यावरून. 'ग्रं'चा तो थर वेगळा काढावा लागला, कारण रंगाचा फरक गेला की टिंब शिरोरेघेला चिकटल्यासारखं दिसतं. तिथे मधली फट थोडी रुंद ठेवली आणि त्यासाठी टिंब वर न सरकवता शिरोरेघच किंचित बारीक केली.